आईची धडधड फोनवरून आपल्याला कशी लागते, आणि मधे थोडा बफर कसा तयार करायचा

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे आपण बहुतेक वाईट सवयींबद्दल म्हणतो, पण मूडचंही अगदी तेच आहे. समोरच्याची काळजी, चिडचिड, कधीकधी आनंदसुद्धा, कुणी काही न सांगता आपल्यात उतरतो. याला मानसशास्त्रात भावनिक संसर्ग म्हणतात. एलेन हॅटफिल्ड, जॉन कॅसिओपो आणि रिचर्ड रॅपसन या तिघांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याची नीट मांडणी केली आणि त्यांचं म्हणणं तसं सरळ आहे. आपण समोरच्याचा चेहरा, आवाज, बसायची ढब नकळत उचलतो, मग आपल्याच शरीराकडून मेंदूला तशी खबर जाते आणि थोड्या वेळाने आपल्याला खरंच तसं वाटायला लागतं. (इथे लोक लगेच मिरर न्यूरॉन काढतात. ते आधी माकडांच्या मेंदूत सापडले, भारी शोध आहे, पण माणसाच्या सगळ्या मूडचा भार त्यांच्यावर टाकायची गरज नाही, त्यांच्याशिवायही गोष्ट नीट कळते.)

सगळ्या प्रकारच्या संसर्गाबद्दल लिहायला बसलो तर पुस्तक होईल, म्हणून एकच घेतो: घरातलं काळजीखोर माणूस, आणि तेही फोनवरचं. आपण पुण्या-मुंबईत नाहीतर परदेशात, आईवडील गावी, आणि रोज संध्याकाळी फोन, असं निम्म्या घरांचं चालू असतं.

आता फोनवर चेहरा तर दिसत नाही, मग नक्कल होते कशाची? आवाजाची. रोलंड नॉयमान आणि फ्रिट्झ श्ट्राक या दोघांनी २००० साली एक छान प्रयोग छापला. त्यांनी लोकांना एक तत्त्वज्ञानाचा रुक्ष उतारा ऐकवला, ज्यात भावनेचा पत्ताच नाही. फरक एवढाच की काहींना तो किंचित उदास आवाजात ऐकवला आणि काहींना किंचित आनंदी आवाजात. ऐकणाऱ्यांचा मूड त्या त्या बाजूला सरकला, आणि का सरकला ते त्यांना कळलं नाही. त्यातच दुसऱ्या एका भागात लोकांना तो उतारा ऐकता ऐकता स्वतः म्हणायला लावला, तर त्यांचे आवाजही तसेच व्हायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं तरी. म्हणजे बघा, शब्दांत काळजीचं काही नसलं तरी आवाजात असलं की पुरतं. आई म्हणते "काही नाही रे, सहज केला फोन" आणि तुम्ही फोन ठेवता तेव्हा खांदे कानापर्यंत आलेले असतात, ते यामुळे.

पण हा झाला एक रस्ता. दुसरा रस्ता जास्त महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दल फार कुणी बोलत नाही. आपण समोरच्याची भावना नुसती उचलत नाही, ती बातमी म्हणूनही वाचतो. हा घाबरलाय म्हणजे काहीतरी असणार. १९८५ चा एक प्रयोग आहे जेम्स सोर्स आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, एक वर्षाच्या बाळांवरचा. एक टेबल, त्यावर जाड काच, आणि अर्ध्या भागात काचेखाली साधारण फूटभर खोल दिसेल अशी सोय. बाळ रांगत त्या कडेपाशी येतं, थबकतं, आणि पलीकडे उभ्या आईच्या तोंडाकडे बघतं. आईने हसरा चेहरा ठेवला तर १९ पैकी १४ बाळं काच ओलांडून गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तर १७ पैकी एकही नाही गेलं. एकही नाही! खोली तीच, काच तीच, बाळाने ठरवलं ते फक्त आईच्या तोंडावरून.

आपण चाळीस वर्षांचे झालो तरी आईच्या आवाजाबाबत थोडेफार त्याच काचेवर असतो. म्हणून ऑफिसातला कुणीतरी दूरचा माणूस घाबरला तर आपल्याला एवढं होत नाही आणि आई घाबरली तर पोटात खड्डा पडतो. आणि हे नुसतं म्हणायचं नाही, मोजलेलं आहे. जर्मनीत लाइपझिग आणि ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक अभ्यास छापला. त्यात एका माणसाला मुलाखत आणि तोंडी गणितं अशा ताणाखाली घातलं आणि दुसऱ्याला नुसतं बघत बसवलं. बघणाऱ्याला काहीच करायचं नव्हतं. तरी बघणाऱ्यांपैकी २६ टक्के लोकांच्या शरीरात कॉर्टिसोल म्हणजे ताणाचं हार्मोन चांगलं वाढलं. समोर स्वतःचा जोडीदार असेल तर ४० टक्के लोकांमध्ये, आणि अनोळखी असेल तर १० टक्के. नुसतं व्हिडिओवर बघणाऱ्यांतही २४ टक्के होते, म्हणजे अंतराने फारसं वाचवलं नाही.

या आकड्यांची दुसरी बाजू लोक वाचत नाहीत. २६ टक्क्यांना झालं म्हणजे ७४ टक्क्यांना तेवढं नाही झालं, आणि जोडीदाराच्या बाबतीतही ६० टक्के सुटले. ते सगळे दगड होते का? तसं काही नाही. म्हणजे प्रेम असणं आणि संसर्ग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि यांच्यामधे जी जागा आहे तीच आपल्याला पाहिजे.

आता एक उदाहरण सगळं उलगडून बघू. माझा एक मित्र पुण्यात असतो, आईबाबा सांगलीत, गावभागात, दुसऱ्या मजल्यावर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ असताना, आणि त्यांनी ते दिवस मिरजेला नातेवाइकांकडे काढले होते. तेव्हापासून जुलै उजाडला की आईचे फोन सुरू. "अरे कोयनेचे दरवाजे उचलले म्हणं. सूर्यवंशी प्लॉटात पाणी यायलंय. तुला काय दिसतंय का बघ की नेटवर." बाबा शेजारच्या खोलीत टीव्ही बघतायत, त्यांना काही नाही.

फोन येतो साडेआठला, जेवणाच्या आसपास. पहिल्या मिनिटात तिचा वेग याला लागतो, तीही भरभर बोलते, हाही भरभर, मधले श्वास छोटे छोटे. दुसऱ्या मिनिटाला हा लॅपटॉप उघडून पातळी शोधतो. ३१ फूट आहे. "आई, एकतीसच आहे, इशाऱ्याची पातळीच चाळीस आहे, काही होत नाही." तिकडून "बरं, बरं" येतं, आवाज जरा सैल होतो, यालाही जरा बरं वाटतं. फोन बंद. आणि मग वीस मिनिटांनी परत: "पण रात्रीत वाढलं तर?" याच्याकडे उत्तर नाही कारण रात्रीचं कुणालाच माहीत नसतं. हा चिडतो, "तू उगाच टेन्शन घेतेस", ती म्हणते "बरं बाबा नाही विचारत", दोघांनाही वाईट वाटतं. मग हा मुलीवर अभ्यासावरून ओरडतो, आणि रात्री साडेअकराला अंथरुणात एकटाच पाण्याची पातळी बघत बसतो. बायको विचारते काय झालं, तर म्हणतो ऑफिसचं आहे. आणि गंमत म्हणजे त्याला खरंच वाटत असतं की ऑफिसचं आहे.

ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. संसर्गाने आलेल्या भावनेवर पाठवणाऱ्याचा पत्ता नसतो. छातीत धडधड आली की मन कारण शोधतं, आणि जे हाताशी असेल ते चिकटवतं: उद्याची मीटिंग, मुलीचे मार्क, ईएमआय. म्हणजे आईची काळजी एका तासात तुमची स्वतःची काळजी होऊन बसते, वेगळ्या नावाने.

यावर साधारण तीन गोष्टी माणसं करतात आणि तिन्ही फसतात. पहिली म्हणजे दाबणं. दात आवळून, आवाज सपाट ठेवून, "हं, हं, बरं" करत राहणं. बाहेरून शांत वाटतं पण आत तसंच चालू असतं, आणि त्याहून वाईट म्हणजे हे समोरच्यालाही लागतं. एमिली बटलर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दोन-दोन अनोळखी बायकांना एक त्रासदायक फिल्म दाखवून तीवर बोलायला बसवलं, आणि काही जोड्यांत एकीला गुपचूप सांगितलं की तुझ्या भावना दाखवू नकोस. तर दुसरीचं, जिला काहीच माहीत नव्हतं, तिचं ब्लड प्रेशर वाढलं. म्हणजे तुमची ती सपाट "हं हं" ऐकून आई शांत होत नाही, तिला वाटतं याला काहीतरी माहितेय आणि हा सांगत नाही.

दुसरी गोष्ट, समजूत. हीच सगळ्यात गोड आणि सगळ्यात अवघड. "काही होत नाही" म्हटलं की आईची काळजी खरंच उतरते, पण दहा-पंधरा मिनिटांपुरती, आणि तेवढ्यात तिचं मन शिकतं की काळजी उतरवायचा उपाय म्हणजे मुलाला फोन. स्वतःहून ती काळजी कमी झाली असती तो अनुभव तिला मिळतच नाही. म्हणून प्रश्न परत येतो, किंचित बदलून. एकतीस फुटांचं उत्तर मिळालं तर रात्रीचं काय, रात्रीचं मिळालं तर उद्याचं काय. यात तुमचाही वाटा आहे हे ऐकायला बरं वाटत नाही, पण बघा, तुम्ही "काही होत नाही" कुणासाठी म्हणता? तिचा आवाज उतरला की तुमचीही छाती उतरते, तेवढ्यासाठीसुद्धा म्हणता. म्हणजे दोघं एकमेकांना गोळी देताय.

तिसरी गोष्ट, फोनच टाळणं. त्यावर काही बोलत नाही, फोन न उचलता ज्याने रात्र काढलीय त्याला माहीत आहे की त्याने काय होतं.

मग बफर म्हणजे नक्की काय? माझ्या मते तो भिंत नसतो, तो क्रम असतो. भावना आत येणारच, ती अडवता येत नाही कारण ती कळायच्या आधी आलेली असते. पण ती येणं आणि तुम्ही तिच्यावर काहीतरी करणं, यांच्यामधे दोन-तीन गोष्टी घुसवता येतात, आणि त्या ठरलेल्या क्रमाने घुसवल्या तरच जमतं, कारण ऐन वेळी सुचत नाही.

सगळ्यात आधीची गोष्ट फोन उचलायच्या आधीची. स्क्रीनवर "आई" दिसलं की उचलायच्या आधी पाच-दहा सेकंद स्वतःला बघायचं: आत्ता मी कसा आहे? शून्य ते दहात आकडा द्यायचा, बस. मित्र दोन म्हणायचा, तीन म्हणायचा. फोन ठेवला की परत आकडा. सात. हे फार बाळबोध वाटतं पण काम मोठं करतं, कारण आधीचा आकडा नसेल तर फोननंतरची धडधड कुणाची हे सांगायला काही पुरावाच नसतो. दोन होता आणि सात झाला, मधे फक्त फोन होता, तर पाच आईकडून आले. ऑफिसचं नाव लावायची गरज नाही. हे मनातल्या मनात वाक्यात म्हणायचं, "ही आईची पुराची भीती आहे, माझ्याकडे आलीय." भीती जात नाही याने, पण मुलीच्या मार्कांना चिकटत नाही, आणि घरात जो भडका उडतो तो तिथेच अर्धा विझतो.

दुसरं, आवाज. नक्कल दोन्ही बाजूंनी चालते हे विसरू नका. तिचा वेग तुम्हाला लागतो तसा तुमचा तिलाही लागू शकतो, फक्त मुद्दाम करावं लागतं कारण काळजीचा वेग जास्त जोरकस असतो. पाय जमिनीवर टेकवायचे, श्वास सोडताना घेण्यापेक्षा लांब सोडायचा, तीन-चार वेळा, आणि तिचं वाक्य संपल्यावर लगेच न बोलता एक श्वास जाऊ द्यायचा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती जरा खाली येते, हे शरीराचं साधं यंत्र आहे, यात अध्यात्म काही नाही. मात्र आवाज एकदम थंड करू नका. ती नव्वदने चाललीय आणि तुम्ही वीसने बोलायला लागलात तर तिला वाटतं याला पर्वाच नाही. आधी थोडं तिच्याजवळच्या वेगाने, "अगं हो, पाऊस खूपच आहे ना तिकडे", आणि मग दोन-चार वाक्यांत हळूहळू खाली.

तिसरं सगळ्यात नाजूक आहे आणि माझ्या मते खरा बफर इथे आहे. ऐकताना डोक्यात चित्र कुणाचं उभं राहतं? आई सांगतेय पाणी चढतंय, आणि तुम्ही मनात स्वतःच जिन्यात उभे आहात, पाणी पायरीपायरीने वर येतंय, आता काय करू. की तुम्हाला आई दिसतेय, स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी, हातात फोन, एकटी, घाबरलेली? डॅनियल बॅटसनने १९९७ मध्ये नेमकं हेच तपासलं. लोकांना एका मुलीची दुःखाची गोष्ट ऐकवली, आईवडील अपघातात गेलेली मुलगी. काहींना सांगितलं, तिला काय वाटत असेल याची कल्पना करा. काहींना सांगितलं, तुम्ही तिच्या जागी असता तर तुम्हाला काय वाटलं असतं याची कल्पना करा. दोन्ही गटांना कळवळा वाटला, पण दुसऱ्या गटाला त्यासोबत स्वतःचा त्रासही झाला, बेचैनी, अस्वस्थता. आणि बेचैन माणसाचं लक्ष मदत करण्यावर नसतं, त्याला स्वतःची बेचैनी थांबवायची असते, म्हणून तो घाईने समजूत घालतो नाहीतर चिडतो.

आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, "स्वतःला तिच्या जागी ठेवून बघ". संस्कार म्हणून ठीक आहे, पण काळजीखोर माणसाचा रोजचा फोन घेताना हेच अंगाशी येतं. तिच्या जागी जायचं नाही, तिच्याकडे बघायचं. करायचं कसं? एक प्रश्न मनात धरायचा: "आत्ता हिला काय होतंय?" पूर येईल का हा प्रश्न नदीचा आहे. हिला काय होतंय हा प्रश्न आईचा आहे. बहुतेक वेळा उत्तर मिळतं की अंधार पडला, बाबा टीव्हीत, आणि हिला कुणाशी बोलायचंय.

आता बोलायचं काय? इथे येल विद्यापीठातल्या एली लेबोविट्झच्या कामातून एक गोष्ट उचलता येते. त्याचा कार्यक्रम काळजी करणाऱ्या मुलांसाठी आहे, पण त्यात उपचारतज्ज्ञ मुलाला भेटतच नाही, फक्त आईवडिलांना शिकवतो की मुलाच्या काळजीभोवती आपण जे जे करतो ते कमी कसं करायचं. १२४ मुलांवरच्या चाचणीत हा कार्यक्रम मुलांवरच्या नेहमीच्या थेरपीच्या तोडीचा निघाला. मी तो उलटा, म्हाताऱ्या आईवडिलांना लावतोय, आणि ती चाचणी त्यांच्यावर झालेली नाही हे सांगून टाकतो. पण त्यातलं मुख्य वाक्य कुणालाही चालतं. त्याचे दोन भाग: तुला त्रास होतोय हे मला कळतंय, आणि तू हे निभावू शकतेस. दोन्ही पाहिजेत. नुसता पहिला भाग म्हणजे दोघं मिळून रडगाणं, नुसता दुसरा म्हणजे उपदेश.

मित्राने एका रविवारी, पाऊस नसताना, सकाळच्या चहाच्या वेळी आईशी बोलणं केलं. हे महत्त्वाचं आहे, पाणी चढत असताना नवा नियम काढायचा नाही. तो म्हणाला, "आई, पाऊस लागला की तुझा जीव वरखाली होतो, एकोणीसनंतर होणारच. मी दर वेळी काही नाही होत म्हणतो आणि त्याने तुला बरंही वाटत नाही. तर असं करू. पाण्याचा आकडा मी रोज सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला तुला पाठवणार, प्रशासनाने दिलेला, व्हॉट्सअॅपवर फिरणारा नाही. पस्तीसच्या वर गेलं तर पिशवी भरून ठेवायची, कागदपत्रं, औषधं, चार्जर. अडतीस झालं तर मी काकांना फोन करणार आणि तुम्ही मिरजेला जायचं, चाळीसची वाट बघायची नाही. मधल्या वेळात तू फोन कर, हजार वेळा कर, पण पाण्याचं मी तेव्हा सांगणार नाही. बाकी सगळं बोलू."

यात काय झालं बघा. काळजीमधली खरी माहिती, कारण पूर खरा आहे, २०१९ खरं होतं, ती माहिती आवाजातून काढून आकड्यात ठेवली. आता "हा घाबरलाय म्हणजे काहीतरी असणार" हा दुसरा रस्ता बंद झाला, दोघांसाठीही. आईचा आवाज कापतोय पण आकडा तेहेतीस आहे, तर आवाज ही नदीची बातमी नाही, आईची बातमी आहे. आणि कधी आवाज शांत असेल आणि आकडा अडतीस असेल, तर निघायचं. पातळ्या तुमच्या घरानुसार ठरवा, खालच्या मजल्यावर किंवा अगदी नदीकाठी राहणाऱ्याला हे आकडे उशिराचे आहेत.

पहिल्या आठवड्यात हे बिघडलं. आईचे फोन वाढले, कमी नाही झाले. "एवढा एकदा सांग की रे." हे असं होतंच. ज्या दरवाजातून इतकी वर्षं उत्तर येत होतं तो उघडला नाही तर माणूस आधी जोरात ठोठावतो. या टप्प्यावर सोळाव्या फोनला "बरं, बत्तीस आहे" सांगितलं तर सगळं पाण्यात, कारण मग ती शिकते की पंधरा वेळा विचारायचं असतं. मित्र एवढंच म्हणायचा, "कळतंय गं, आत्ता फार होतंय तुला. सातला पाठवतो. तोपर्यंत तू काढतेस वेळ, मला माहितेय. जेवलात का?" त्याचा स्वतःचा आकडा त्या दिवसांत आठावर जायचा. समजूत घातली की याची छाती उतरायची ती सोय आता गेली होती ना. तो मग फोननंतर गच्चीवर जाऊन दहा मिनिटं चालून यायचा आणि त्यानंतरच घरात काही बोलायचा. बायकोला सांगून ठेवलं होतं, हा आईचा आकडा आहे, उतरेल.

जमतंय की नाही ते कशावरून ओळखायचं? आईचे फोन किती आले त्यावरून नाही, ते पावसावर असतं. तुमचा आकडा फोननंतर खाली यायला किती वेळ लागतो त्यावरून. आधी सात व्हायचा आणि रात्रभर सात राहायचा. मग सातच व्हायचा पण अर्ध्या तासात चार. शिखर तेवढंच, उतार लवकर. शिखरच यायला नको अशी अपेक्षा ठेवून लोक निराश होतात आणि सोडून देतात.

ऑफिसचं थोडक्यात सांगतो, कारण तत्त्व तेच आहे पण एक मोठा फरक आहे. सिगल बारसेडने २००२ मध्ये छापलेल्या प्रयोगात एक शिकवून ठेवलेला अभिनेता गटात बसवला होता आणि त्याच्या मूडप्रमाणे सगळ्या गटाचा मूड, आणि आपापसातलं सहकार्यही, हललं. तो तर बरोबरीचा माणूस होता. टीम लीड असेल तर त्याच्या आवाजाकडे सगळे आधीच कान देऊन असतात, कारण त्याच्या हातात अप्रेझल असतं. त्याला तुम्ही "तू निभावशील" म्हणू शकत नाही. तिथे दुसरा रस्ता बंद करणं एवढंच हातात असतं, म्हणजे आवाजातून माहिती वेगळी काढणं. तो "सगळं जळतंय" म्हणत आला की एक साधा प्रश्न: "नक्की काय अडलंय, आणि कधीपर्यंत पाहिजे?" उत्तरात काम असेल तर कामाला लागायचं, नसेल तर तुम्हाला कळलं की तो मूड होता. आणि लंचला चौघांनी बसून त्याच मूडची उजळणी करायची नाही, त्याने मोकळं वाटल्यासारखं होतं पण संसर्ग चौपट होतो.

शेवटी मर्यादा. आकडा आईच्या फोनच्या आधीच सहा-सात असेल, रोज असेल, तर ती तिची काळजी नाही, तुमची आहे, आणि वरचं सगळं तिला लागू होत नाही. तसंच आईचं पावसाळा संपल्यावरही चालूच असेल, झोप नाही, जेवण नाही, हात थरथरतात, वजन उतरतंय, तर तिला "काळजीखोरच आहे ती" म्हणून सोडू नका. आधी फॅमिली डॉक्टरकडे नेऊन थायरॉइड, बीपी, ईसीजी बघून घ्या, कारण वाढलेला थायरॉइड हुबेहूब काळजीसारखा दिसतो, आणि सुरू असलेल्या गोळ्यांची यादीही दाखवा, दम्याच्या काही औषधांनीसुद्धा धडधड होते. ते सगळं नॉर्मल आलं तर मानसोपचारतज्ज्ञ. गावात कोण आहे माहीत नसेल तर सरकारची टेली मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि आई बोलायला तयार नसेल तर तिच्याबद्दल विचारायला तुम्ही स्वतः फोन केला तरी चालतो.